डोळे कोणावर गेले?

भाचीच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. औक्षणासाठी तिला आईच्या मांडीत, पाटावर बसवलं होतं. निरांजन समोरून फिरलं तशी पोर ज्योतीमागे डोळे फिरवू लागली आणि उजेड थेट बुबुळांवर पडला. मधाळ रंग, कडेला जरा हिरवट. ओवाळणाऱ्या सासरच्या काकू थबकल्याच. "अगं बाई, हिचे डोळे कोणावर गेलेत? आपल्याकडे तर कोणीच घारं नाही." मागून कुणीतरी म्हणालं, "बापाचे काळे, आईचे काळे..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. दोघं-तिघं हसले. भाचीने मान खाली घातली आणि मुलीच्या फ्रॉकचं आधीच लावलेलं बटण काढून पुन्हा लावलं. नंतर केक, बटाटेवडे, फोटो, सगळं यथासांग पार पडलं. मला मात्र ते बटण काही केल्या डोक्यातून जाईना. अर्धवट सोडलेल्या वाक्याला उत्तर देता येत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आनुवंशिकतेचा धडा दरवर्षी फळ्यावर मांडला, आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर काही बोलावं की बोलण्याने भाचीला आणखी अवघडल्यासारखं होईल, हे मला ठरवता आलं नाही.

आमच्या घरात घारे डोळे नवे नाहीत. माझ्या आईची आई घारी होती. दुपारी पडवीत सुपात तांदूळ निवडत बसली की तिचे डोळे फिकट पिवळसर दिसायचे, आणि तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावताना तेच डोळे करडे वाटायचे. लहानपणी मला त्या डोळ्यांची थोडी भीती वाटायची आणि ते आपल्याला का मिळाले नाहीत याचं वाईटही वाटायचं. या दोन्ही गोष्टी एकदमच वाटायच्या. घाऱ्या डोळ्यांचं आपल्याकडे कौतुकही फार आणि संशयही फार. लग्नाच्या बाजारात 'गोरी, घारी' म्हणून मुलीचं वजन वाढतं, आणि त्याच घरात 'घाऱ्या माणसाचा भरवसा नाही' असंही सहज बोललं जातं. आजी यातलं काहीच मनावर घेत नसे. तिची मुलं दोन: माझी आई काळ्याभोर डोळ्यांची आणि मामा अगदी आजीसारखा घारा. आजोबांचे डोळे काळे. या चार माणसांत भाचीच्या मुलीच्या डोळ्यांचं बरंचसं उत्तर दडलेलं आहे, पण तिथे जाण्याआधी तो रंग मुळात असतो कुठे, ते पाहायला हवं.

घाऱ्या डोळ्यात घारा रंग नसतो.

हे वाक्य वर्गात उच्चारलं की मुलं वहीतून मान वर काढायची. माणसाच्या बुबुळात निळं किंवा हिरवं रंगद्रव्य नसतंच. तिथे असतं ते मेलॅनिन, म्हणजे केस आणि त्वचेला रंग देणारंच द्रव्य, काळपट-तपकिरी. बुबुळाचा रंगीत पडदा, पुस्तकी भाषेत परितारिका, हा दोन थरांचा असतो. मागच्या थरात मेलॅनिन ठासून भरलेलं असतं आणि ते काळ्या, घाऱ्या, निळ्या अशा सगळ्या डोळ्यांत जवळपास सारखंच असतं. फरक पडतो पुढच्या विरळ, तंतुमय थरात. तिथे मेलॅनिन भरपूर असेल तर बाहेरून आलेला उजेड शोषला जातो आणि डोळा काळा किंवा गडद तपकिरी दिसतो. तिथे मेलॅनिन फारच कमी असेल तर उजेड त्या तंतूंवर आदळून विखुरतो, विखुरताना निळा जास्त विखुरतो आणि परत फिरून पाहणाऱ्याकडे येतो. निळ्या डोळ्याचा निळेपणा तो एवढाच. आणि मेलॅनिन मधल्या प्रमाणात असलं की तो विखुरलेला निळा आणि मेलॅनिनचा पिवळट-तपकिरी यांची सरमिसळ होते. तोच आपला घारा. म्हणून तर तो उजेडाप्रमाणे बदलतो, म्हणून आजीचे डोळे दुपारी एक आणि संध्याकाळी एक दिसत. कुणा घाऱ्या माणसाच्या डोळ्याकडे खिडकीपाशी नीट जवळून पाहा: बाहुलीभोवती तपकिरी कडं, त्यातून बाहेर निघालेल्या बारीक रेघा, कडेला करडं-हिरवं, मध्येच एखादा गडद ठिपका. एकसारखा रंग कुठेच नसतो. मेलॅनिन जिथे जेवढं साठलं, तिथे तेवढा गडदपणा.

तेव्हा प्रश्न रंगाचा नसून मात्रेचा आहे. मेलॅनिन किती तयार झालं? ते तयार करणाऱ्या पेशी बुबुळाच्या पुढच्या थरात पसरलेल्या असतात, आणि त्यांची संख्या काळ्या डोळ्यात आणि निळ्या डोळ्यात साधारण सारखीच असते. या पेशींच्या आत अतिसूक्ष्म पिशव्या असतात, त्यांना मेलॅनोसोम म्हणतात. मेलॅनिन बनतं ते या पिशव्यांत. कच्चा माल असतो टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल, आणि काम करणारं विकर टायरोसिनेज, ज्याच्या गाभ्यात तांबं असतं. ही क्रिया आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात घडते म्हटलं तरी चालेल. केळफूल चिरताना आई आधी पातेल्यात ताकाचं पाणी करून ठेवायची आणि चिरलेलं थेट त्यात टाकायची. बाहेर राहिलं की काळं पडतं. केळफुलातलं तांबं असलेलं असंच एक विकर हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने त्यातल्या रसायनांचं काळपट द्रव्य बनवतं, आणि ताकाचा आंबटपणा त्या विकराचा हात धरतो. डोळ्यातल्या टायरोसिनेजलाही आंबटपणा सोसत नाही. मेलॅनोसोमच्या आत आम्लता जास्त असेल तर ते जवळपास निष्क्रिय राहतं. आम्लता उतरली की कामाला लागतं. घाऱ्या डोळ्याचं मूळ शोधत खाली उतरत गेलं की शेवटी आपण या पिशवीच्या आंबटपणापाशी येतो, हे मला आजही विलक्षण वाटतं.

आता ही आम्लता उतरवतं कोण? पिशवीच्या आवरणात एक प्रथिन रुतलेलं असतं. त्याला पी प्रथिन म्हणतात. त्यातून क्लोराइडच्या कणांची ये-जा होते आणि त्यामुळे पिशवीतली आम्लता कमी होते. पी प्रथिनं पुरेशी असली की टायरोसिनेज जोमात, मेलॅनिन भरपूर, डोळा काळा. कमी असली की पिशवी आंबट, टायरोसिनेज मंद, मेलॅनिन थोडं, डोळा फिकट. इथवर आपण पेशीतल्या सामानाबद्दल बोलत होतो. पण प्रथिन कसं बनवायचं हे पेशीला कुठून कळतं, असं विचारलं की डीएनए आलाच.

डीएनए हा खरोखरच एक धागा आहे. एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल, आणि तो मावतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान अशा केंद्रकात. ४६ तुकड्यांत तो विभागलेला असतो, तीच गुणसूत्रं: २३ आईकडून, २३ बापाकडून. धाग्याला दोन पेड, एकमेकांभोवती वळलेले. पेडांचा कणा साखर आणि फॉस्फेटचा, आणि आतल्या बाजूला चार प्रकारचे रेणू, ज्यांना आपण ए, टी, जी, सी अशा अक्षरांनी ओळखतो. ए समोर नेहमी टी, जी समोर नेहमी सी. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी ही रचना मांडली, रोझलिंड फ्रँकलिनच्या क्ष-किरण छायाचित्रांचा आधार घेऊन. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वळण ही नसून ही जोडी आहे. एका पेडावरची अक्षरं कळली की दुसऱ्यावरची आपोआप कळतात. त्यामुळे पेशी विभागताना पेड सुटे होतात आणि प्रत्येक पेडावर नवा जोडीदार बांधला जातो. अशीच नक्कल होत होत आजीच्या डोळ्यातलं एक अक्षर पणतीच्या मुलीपर्यंत पोचू शकतं.

या धाग्याचा एक तुकडा म्हणजे जनुक. १५ व्या गुणसूत्रावर ओसीए-२ नावाचं जनुक आहे, पी प्रथिनाचं. त्याची लांबी सुमारे ३ लाख ४४ हजार अक्षरं. पेशीला पी प्रथिन हवं असतं तेव्हा या तुकड्याची आरएनएच्या रूपात प्रत उतरवली जाते, त्या प्रतीतले अनावश्यक भाग कापून टाकले जातात आणि उरलेली आखूड प्रत केंद्रकाबाहेर रायबोझोमकडे जाते. रायबोझोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो. दर तीन अक्षरांमागे एक अमिनो आम्ल साखळीत जोडलं जातं. पी प्रथिनात ८३८ अमिनो आम्लं आहेत, म्हणजे त्याला २,५१४ अक्षरं पुरतात. ३ लाख ४४ हजारांतली अडीच हजार! शंभरातलं एकही पूर्ण भरत नाही. हा हिशोब मी फळ्यावर मुद्दाम करून दाखवायचे, कारण जनुक म्हणजे प्रथिनाची कृती आणि बाकी काही नाही, असा समज त्याने थोडा हलायचा. उरलेल्या भागात काय काय आहे, हे सगळं अजूनही उलगडलेलं नाही. पण कधी, कुठे आणि किती प्रती काढायच्या, याच्या खुणा प्रथिनाच्या त्या अडीच हजार अक्षरांबाहेर असतात, एवढं नक्की. तुमच्या यकृताच्या पेशीतही ओसीए-२ जसंच्या तसं असतं. तिथे मेलॅनिन बनत नाही.

घाऱ्या डोळ्यांच्या बाबतीत हेच 'किती' निर्णायक ठरतं. घाऱ्या किंवा निळ्या डोळ्यांच्या बहुतेक माणसांत पी प्रथिन बिघडलेलं नसतं. त्याची कृती शाबूत असते. ते कमी बनतं, इतकंच. आणि कमी का बनतं याचं कारण ओसीए-२ मध्ये सापडतच नव्हतं. ते सापडलं शेजारी. ओसीए-२ला लागूनच हर्क-२ नावाचं दुसरं जनुक आहे, त्याचं काम वेगळंच, रंगाशी संबंध नसलेलं. त्या हर्क-२च्या पोटात, प्रथिनासाठी न वापरल्या जाणाऱ्या भागात, एक अक्षर बहुतेक माणसांत ए असतं आणि काहींत जी. संशोधकांच्या याद्यांत त्याचा क्रमांक rs12913832 असा आहे. २००८ मध्ये वेगवेगळ्या गटांनी, त्यांत कोपनहेगनचा आयबर्ग यांचा गटही होता, जवळपास एकाच वेळी दाखवून दिलं की आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही गुणसूत्रांवर जी असलेल्या युरोपीय माणसांचे डोळे बहुधा निळे असतात. पण शेजारच्या जनुकातलं एक अक्षर सुमारे २१ हजार अक्षरं पलीकडे असलेल्या ओसीए-२च्या सुरुवातीवर हुकूम कसा चालवतं? २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या व्हिसर, कायसर आणि पाल्स्ट्रा यांनी रंगपेशींमध्ये ते प्रत्यक्ष तपासलं. त्या जागी ए असेल तर काही प्रथिनं डीएनएला तिथे येऊन घट्ट चिकटतात, धागा वळून त्याचा फास तयार होतो आणि ही जागा ओसीए-२च्या सुरुवातीला जाऊन टेकते. ती टेकली की प्रती भराभर निघतात. जी असेल तर ती प्रथिनं नीट चिकटत नाहीत, फास क्वचित जमतो, आणि प्रती कमी निघतात. थांबत नाहीत, कमी होतात.

एका अक्षरापासून निरांजनाच्या उजेडात दिसलेल्या त्या मधाळ रंगापर्यंतची वाट ही अशी आहे. अक्षर बदललं, फास सैल झाला, प्रती घटल्या, पी प्रथिन घटलं, पिशवी आंबट राहिली, टायरोसिनेज मंदावलं, मेलॅनिन कमी साठलं, उजेड विखुरला. 'घाऱ्या डोळ्यांचं जनुक' असं काही या वाटेवर कुठेच भेटत नाही. ओसीए-२ सगळ्यांकडे असतं, काळ्या डोळ्यांच्या माणसाकडेही.

आता त्या चार माणसांकडे येते. प्रत्येकाकडे १५ वं गुणसूत्र दोन प्रतींत असतं, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. एका जरी प्रतीवर ए असेल तरी सहसा पुरेसं पी प्रथिन बनतं आणि डोळा गडद होतो. आजी घारी, म्हणजे तिच्या दोन्ही प्रतींवर जी होता असं धरू. मग तिच्या प्रत्येक मुलाला तिच्याकडून जीच मिळणार, दुसरं द्यायला तिच्याकडे नव्हतंच. आईचे डोळे काळे, म्हणजे तिला आजोबांकडून ए मिळाला. मामा घारा, म्हणजे त्याला आजोबांकडून जी मिळाला. याचा अर्थ आजोबांच्या काळ्याभोर डोळ्यांमागे एक जी मुकाट्याने बसलेला होता, आणि मामा जन्मला नसता तर तो कधी कुणाला कळलाही नसता. आईकडे एक ए, एक जी. तिने माझ्या बहिणीला यातलं कोणतं दिलं, हे नाणेफेकीसारखं. बहिणीने भाचीला कोणतं दिलं, तेही तसंच. म्हणजे आजीचा जी भाचीपर्यंत पोचण्याची शक्यता चारात एक होती, आणि तो पोचला असावा असं आता तिच्या मुलीच्या डोळ्यांवरून मागे जाऊन म्हणता येतं. राहिला प्रश्न जावयाच्या घराचा, जिथे 'कोणीच घारं नाही'. त्यांच्याकडे आजोबांसारखाच एक जी पिढ्यान्‌पिढ्या काळ्या डोळ्यांमागून खाली उतरत आला असेल, तर तो दिसणार कुठून? जोपर्यंत त्याला दुसरा जी भेटत नाही तोपर्यंत तो दिसत नाही. आईबाप दोघांकडे असा एकेक जी असेल तर प्रत्येक बाळंतपणात घारं मूल होण्याची शक्यता चारात एक, आणि आधीची मुलं काळ्या डोळ्यांची झाली म्हणून ती वाढत नाही की घटत नाही.

इतकं मांडून मी थांबू शकले असते. बऱ्याच पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट इथेच थांबते: गडद प्रभावी, फिकट अप्रभावी, चार घरांचा चौकोन, संपलं. हा विचार डॅव्हनपोर्ट पतिपत्नींनी १९०७ मध्ये मांडला आणि शंभर वर्षं तो वर्गावर्गांतून शिकवला गेला. मला तो धोकादायक वाटतो, कारण त्या चौकोनातून एक कठोर निष्कर्ष निघतो: दोन फिकट डोळ्यांच्या आईबापांना काळ्या डोळ्यांचं मूल होऊच शकत नाही. हा निष्कर्ष खोटा आहे. रंगाची वाट लांब आहे आणि ती कुठेही अडू शकते. एकाच्या डोळ्यात ओसीए-२ कमी चालत असेल, दुसऱ्याच्या डोळ्यात अडचण वेगळ्याच जनुकात असेल, तर मुलाला प्रत्येक जनुकाची एकेक चांगली प्रत मिळून मेलॅनिन व्यवस्थित बनू शकतं. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे अल्बिनिझम, आपण ज्याला कोड समजून गल्लत करतो ती जन्मजात रंगहीनता. एका जोडीदाराची रंगहीनता टायरोसिनेजच्या जनुकातल्या बिघाडाने आणि दुसऱ्याची ओसीए-२मधल्या बिघाडाने आलेली असेल, तर त्यांची मुलं नेहमीच्या रंगाची होतात. उलटही घडतं: ए आणि जी अशी मिश्र जोडी असलेल्या काहींचे डोळे काळे न होता मधाळच राहतात. २०२१ मध्ये युरोपीय आणि आशियाई वंशाच्या सुमारे १ लाख ९५ हजार माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डोळ्यांच्या रंगाशी निगडित अशा डीएनएवरच्या ६१ जागा सापडल्या, त्यांतल्या ५० आधी माहीतही नव्हत्या. हर्क-२ची जागा त्यांत सर्वांत वजनदार, पण एकटी नाही.

म्हणजे भाचीच्या नवऱ्याकडे तो दडलेला जी असलाच पाहिजे, असंही नाही.

आणि घाऱ्या रंगाच्या बाबतीत तर ही अनिश्चितता सगळ्यात जास्त. गुन्ह्याच्या तपासात, नुसत्या डीएनएवरून डोळ्यांचा रंग सांगण्यासाठी २०११ मध्ये आयरिसप्लेक्स नावाची सहा जागांची चाचणी तयार झाली. निळा आणि तपकिरी ती चांगला ओळखते. मधल्या छटांशी, म्हणजे आपण ज्यांना घारं म्हणतो त्यांच्याशी, तिची गाठ पडली की ती डगमगते. शिवाय यातलं बरंचसं काम युरोपीय लोकांवर झालेलं आहे. तिथे तो जी सर्रास आढळतो, आपल्याकडे त्या मानाने पुष्कळच कमी. जी चाचणी प्रयोगशाळेत डगमगते, ती ओवाळताना एका नजरेत करून मोकळं व्हायचं, याचा मला मनापासून राग येतो. पितृत्व तपासायचंच असेल तर प्रयोगशाळा डोळ्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. डीएनएवर अनेक ठिकाणी छोट्या तुकड्यांची पुनरावृत्ती असते. ती माणसागणिक कमी-जास्त असते, आणि अशा अनेक जागांवरचे आकडे जुळवून नातं ठरतं. घाऱ्या डोळ्यांवरून बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणं क्रूर तर आहेच, पण ते शास्त्र म्हणूनही कुठे टिकत नाही.

घाऱ्या डोळ्यांना आपण आणखी एक ओझं लावलेलं आहे, ते कुळाचं. कोकण किनाऱ्यावर कुठलं तरी गलबत फुटलं, परके गोरे लोक वाहून आले आणि त्यांचे डोळे आपल्याकडे राहिले, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकते आहे, आणि सांगणाऱ्याच्या आवाजात नेहमी थोडा अभिमान असतो. एका अक्षरावरून एवढा इतिहास वाचता येत नाही. डोळ्याचं हे अक्षर असलं की त्वचा गोरीच असेल असं नाही, गोरेपणाची बरीचशी सूत्रं वेगळ्या जागी आहेत. स्पेनमधल्या ला ब्रान्या गुहेत सुमारे ७ हजार वर्षांपूर्वीच्या एका शिकाऱ्याचा सांगाडा सापडला. २०१४ मध्ये त्याचा डीएनए वाचला गेला. त्यावरून त्याचे डोळे फिकट असावेत आणि त्वचा काळसर. लग्नाच्या बाजारात आपण जे दोन शब्द एका श्वासात म्हणतो, ते त्या माणसात एकत्र नव्हते.

पुढच्या आठवड्यात भाची मुलीला घेऊन आली. मी वाढदिवसाचा विषय काढला नाही, तिनेच काढला. "मावशी, पणजीचे डोळे खरंच असेच होते?" मी कपाटातला आजीचा फोटो काढला, पण तो काळा-पांढरा. त्यात रंग कसा दिसणार? मग मी वहीच्या पाठकोऱ्या कागदावर आजी-आजोबांपासून खाली अक्षरं मांडत आले. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण हे मी तिकडे कसं सांगू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कागद मात्र तिने घडी करून पर्समध्ये ठेवला.

मामा आता थकला आहे. गावीच असतो. त्याला उजव्या डोळ्यात काचबिंदू निघाला, तेव्हा डॉक्टरांनी रोज रात्री घालायला लॅटॅनोप्रॉस्टचे थेंब दिले आणि आधीच बजावलं, की या औषधाने काहींच्या बुबुळाचा रंग हळूहळू गडद होतो, विशेषतः अशा मिश्र रंगाच्या डोळ्यांत, आणि झाला तर तो परत फिरत नाही. हे औषध रंगपेशींची संख्या वाढवत नाही, आहेत त्याच पेशींना जास्त मेलॅनिन बनवायला लावतं. मामाने थेंब घेतले. यंदा गेले तेव्हा त्याचा डावा डोळा आजीचा होता, करडा-हिरवट, आणि उजवा चक्क तपकिरी झाला होता, आईच्या रंगाकडे झुकलेला. मी त्याला खिडकीपाशी बसवून दोन्ही डोळे बराच वेळ पाहत राहिले. दोन्हींत तेच ओसीए-२ आणि शेजारी तेच अक्षर आहे, कुठेही काही बदललेलं नाही. आज त्याचं रक्त तपासायला पाठवलं, तर अहवालात दोन्ही डोळ्यांसाठी एकच उत्तर येईल.